प्रकल्प नोंदी: वळणदार पत्र्यावरचा गोल

४ मे, आर्वी

घाणीवाले काका आज दुकानात आले. लाकडी घाण्यावर जवस, तीळ आणि शेंगदाण्याचं तेल काढतात. आजवर डबे मोटारसायकलवर बांधून गावोगाव पोचवत होते, आता पांढरी बंद व्हॅन घेतली आहे. दोन्ही बाजूंना लोगोचा स्टिकर लावायचा आहे. लोगो त्यांच्या मुलीने बनवून आणला आहे: तपकिरी रंगाचं गोल कडं, आत जवसाचं पाच पाकळ्यांचं निळं फूल आणि कड्यावर गोलाकार अक्षरं.

छापण्याआधी गाडीच्या फोटोवर तो कसा दिसेल ते दाखवायचं, असं ठरलं. हे दाखवणं मी हलक्यात घेत नाही. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाला मी नुसता सपाट लोगो फोटोवर ठेवून दाखवला होता. छापून लावल्यावर वरचा भाग छताकडे वळला आणि अक्षरं वाचता येईनात. चूक माझी होती, छपाईचा खर्चही मीच सोसला. फोटोवरचं चित्र खरं असेल तरच जागा आणि माप त्याच्यावरून ठरवता येतं.

व्हॅनचा बाजूचा पत्रा खाली उभा आणि सपाट आहे. अर्ध्या उंचीनंतर तो हळूहळू आत, छताकडे वळत जातो. लोगो नेमका या दोन्ही भागांवर येतो.

५ मे

पहिला प्रयत्न नेहमीच्या पद्धतीने केला. गाडीच्या तोंडाकडे सरकून तिरका फोटो घेतला, लोगो जिम्प या चित्र-संपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडला, पर्स्पेक्टिव्ह टूल घेऊन त्याचे चार कोपरे पत्र्यावर अंदाजाने बसवले. वरचे कोपरे छताच्या पन्हाळीजवळ, खालचे पत्र्यावरच्या उठावाच्या रेषेवर. दहा मिनिटांत चित्र तयार झालं आणि लांबून बरंही वाटलं.

संध्याकाळी काकांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बाबू, हा गोल गाडीले चिकटला नाही. गाडीसमोर कोणी ताट धरल्यावानी दिसून राह्यला."

त्यांचं अगदी बरोबर होतं. रात्री त्यावर विचार करत बसलो. चार कोपऱ्यांचं पर्स्पेक्टिव्ह हे फक्त सपाट पाटीचं गणित आहे. त्यात सरळ रेषा सरळच राहते, जवळची बाजू मोठी होते, लांबची लहान होते, बस्स. माझ्या पाटीचे चार कोपरे गाडीवर होते खरे, पण वरचे कोपरे आत वळलेल्या पत्र्यावर आणि खालचे उभ्या पत्र्यावर. मधल्या जागेत पाटी सरळ ताणलेली होती आणि खरा पत्रा तिच्या पुढे, बाहेर फुगलेला होता. म्हणजे चित्रातला लोगो मध्यभागी चक्क पत्र्याच्या आत घुसला होता. काकांना गणित माहीत नव्हतं, पण डोळ्याला ते खुपलं.

७ मे

आज पत्रा मोजला. सकाळी साडेसहालाच गाडी मागवली, कारण दहानंतर पत्र्याला हात लावता येत नाही आणि गरम पत्र्यावर मास्किंग टेपचा डिंक उतरून बसतो.

मोजमापाचा मुद्दा एकच आहे. स्टिकर पत्र्याच्या अंगाने चालतो, हवेतून नाही. म्हणून माप घ्यायचं तेही पत्र्याच्या अंगाने. उठावाच्या रेषेपासून सुरुवात करून कापडी टेप पत्र्याला टेकवत वर नेला आणि दर १० सेंमीवर खूण केली. पन्हाळीच्या थोडं खालीपर्यंत ८० सेंमी भरले. मग खुणांवरून मास्किंग टेपच्या आडव्या पट्ट्या लावल्या. उभ्या पट्ट्या तीन: लोगोची डावी कड, मध्य आणि उजवी कड, म्हणजे दोन टोकांत ६० सेंमी अंतर. उभी पट्टी खाली गुण्या लावून उठावाच्या रेषेशी काटकोनात सुरू केली आणि वर तिच्या स्वभावाने जाऊ दिली, ओढून वळवली नाही.

पट्टी लावतानाच एक गोष्ट कळली, ती लिहून ठेवतो. पत्रा एकाच दिशेने वळलेला असेल, म्हणजे पिंपाच्या अंगासारखा, तर टेप त्यावर सुरकुती न पडता सपाट बसतो. दोन्ही दिशांनी वळलेला असेल, म्हणजे घागरीच्या पोटासारखा, तर टेपची एक कड उचलली जाते. आधी ठरवलेल्या जागेवर मागची उभी पट्टी वरच्या बाजूला सुरकुतली, कारण मागच्या दाराच्या कोपऱ्यापाशी पत्रा मागेही वळायला लागतो. तिथे स्टिकर ताणूनच बसवावा लागला असता. सगळी चौकट १२ सेंमी तोंडाकडे सरकवली. आता तिन्ही पट्ट्या शांत बसल्या आहेत. ही जागा पिंपाच्या अंगाची आहे आणि पुढचं सगळं गणित त्यावरच उभं आहे.

मग ओळंबा. छताच्या कॅरियरला लाकडी पट्टी बाहेर काढून बांधली आणि तिला ओळंबा सोडला. दोरीपासून पत्र्यापर्यंतचं अंतर प्रत्येक आडव्या खुणेवर मोजलं. खालच्या ४० सेंमीत अंतर जराही बदललं नाही. म्हणजे एकतर तो भाग खरोखर सपाट आणि उभा आहे, आणि दुसरं म्हणजे गाडी कलती उभी नाही. हे आधी तपासायलाच हवं, नाहीतर जमिनीचा उतार पत्र्याच्या वळणात मिसळतो. त्यापुढे ५० च्या खुणेवर पत्रा ०.८ सेंमी आत गेला, ६० वर ३.३, ७० वर ७.३ आणि ८० वर १२.८. हे आकडे साधारण ६० सेंमी त्रिज्येच्या गोलाईत बसतात. अंगाने ८० सेंमी भरणाऱ्या पत्र्याची सरळ उभी उंची मात्र ७७ सेंमीच आहे.

काकांची मुलगी सोबत होती. तिने विचारलं, "दादा, तीन सेंटीमीटरचाच फरक आहे ना? मग एवढं कायले?" समोरून पाहिलं तर फरक तेवढाच, हे तिचं म्हणणं खरं आहे. पण गाडी रस्त्यावर कोणी नेमकी समोरून पाहत नाही. तिरक्या नजरेला ते १२.८ सेंमीचं आत जाणं आडवं सरकणं होऊन दिसतं, आणि तेच चित्र बिघडवतं.

८ मे

फोटोचा दिवस. उन्हाचा पट्टा पत्र्यावर नको म्हणून सूर्य वर येण्याआधी, कडुनिंबामागच्या मोकळ्या सावलीत.

मोबाइल स्टुलावर विटा रचून त्यावर टेकवला, कॅमेऱ्याची उंची जमिनीपासून ११० सेंमी. लोगोच्या मध्यापासून अंतर ४ मीटर, आणि पत्र्याच्या समोरून सुमारे ४० अंश तोंडाकडे सरकून. स्टुलाच्या पायांच्या आणि गाडीच्या चाकांच्या जागा चुन्याने आखल्या. आधी पट्ट्यांसकट फोटो काढला. मग मोबाइलला धक्का न लावता सगळ्या पट्ट्या सोडवल्या आणि त्याच जागेवरून दुसरा. पहिला फोटो मोजायला, दुसरा दाखवायला. दोन्ही ४००० बाय ३००० चे.

अंतराबद्दल थोडं. जवळून काढलेला फोटो जास्त जोमदार दिसतो म्हणून अनेकजण दीड-दोन मीटरवरून काढतात. हिशोब करून पाहिला: माझ्या ४ मीटरवर लोगोचा जवळचा अर्धा भाग लांबच्या अर्ध्यापेक्षा सुमारे १० टक्के रुंद दिसतो. २ मीटरवर तोच फरक २० टक्क्यांच्या वर जातो. रस्त्याच्या पलीकडून पाहणाऱ्याला गाडी अशी दिसत नाही. म्हणून लांब उभं राहायचं आणि लोगो फोटोत लहान आला तरी चालवून घ्यायचं.

पट्ट्यांचा फोटो लॅपटॉपवर मोठा करून पाहिला आणि काकांच्या ताटाचं उत्तर समोर दिसलं. उभ्या पट्ट्या खालून अर्ध्यापर्यंत सरळ चढतात आणि मग तोंडाकडे वाकतात. डाव्या पट्टीचा फोटोतला आडवा आकडा, म्हणजे फोटोच्या डाव्या कडेपासूनचे पिक्सेल, खालच्या ४० सेंमीत १८४२ वर स्थिर आहे. पुढे ५० च्या खुणेवर १८४६, मग १८५८, १८७६ आणि वर १९०१. ५ तारखेला मी या वाकड्या रेषेच्या जागी खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत सरळ काठी ठेवली होती. मधल्या उंचीवर ती काठी खऱ्या पट्टीपासून सुमारे ३० पिक्सेल तोंडाकडे पडते. या फोटोत १ सेंमीला साधारण ७ पिक्सेल येतात, म्हणजे गोलाचं पोट चार सेंमीहून जास्त सरकलं होतं.

उंचीचंही तसंच. डाव्या कडेला खालचे १० सेंमी फोटोत ६९ पिक्सेल उंच आहेत, वरचे १० सेंमी फक्त ५४. गोलाचा वरचा भाग दबलेला दिसायलाच हवा. तो दबत नाही म्हणूनच ताट हवेत राहतं.

९ मे

आता जुळवणी. वळण असलेल्या पत्र्याला एकच पर्स्पेक्टिव्ह लागू पडत नाही, पण पत्रा अरुंद पट्ट्यांत कापला तर प्रत्येक पट्टी जवळजवळ सपाट असते. किती जवळजवळ, तेही काढलं. ६० सेंमी त्रिज्येच्या गोलाईवर १० सेंमीच्या पट्टीचा मध्य तिच्या दोन कडांना जोडणाऱ्या सरळ रेषेपासून फक्त २ मिमी बाहेर असतो. तोच भाग ४० सेंमीचा एकच तुकडा धरला तर ३ सेंमीपेक्षा जास्त. म्हणून वरच्या वळणाचे १० सेंमीचे चार तुकडे आणि खालच्या सपाट भागाचा ४० सेंमीचा एक, असे पाच.

लोगोची फाइल चौकटीच्या मापाची केली: १ सेंमीला १० पिक्सेल, म्हणजे ६०० बाय ८००. चौकटीत गोल पत्र्याच्या अंगाने मोजून जिथे हवा तिथे ठेवला. फाइलमध्ये तो पूर्ण गोल आहे, त्याला हाताने दाबायचं किंवा वाकवायचं नाही. दाबणं आणि वाकवणं फोटोतल्या खुणा करतील.

तुकडे बसवायला इमेजमॅजिक हा आज्ञा लिहून चालवायचा प्रोग्राम वापरला, कारण त्यात चार खुणांचे आकडे नेमके देता येतात. प्रत्येक जोडीत आधी लोगोतला बिंदू, मग फोटोतला. सर्वात वरचा तुकडा असा:

```
magick logo.png -crop 600x102+0+0 +repage \
  -alpha set -virtual-pixel transparent \
  +distort Perspective \
  "0,0 1901,1251  600,0 2230,1227  600,100 2206,1286  0,100 1876,1305" \
  p1.png
```

तुकडा १०२ पिक्सेल उंच कापला आहे, पण खुणा ० आणि १०० च्याच दिल्या आहेत. खालचे दोन जास्तीचे पिक्सेल पुढच्या तुकड्याखाली जातात. हे केलं नाही तर दोन तुकड्यांच्या सांध्यात केसासारखी पांढरी रेघ दिसते. `+distort` मधलं अधिकचं चिन्हही महत्त्वाचं: त्याने तुकडा फोटोतल्या आपल्या जागेचा पत्ता सोबत घेऊन येतो. उणे चिन्ह दिलं तर तो पत्ता राहत नाही आणि रचताना तुकडे जागेवर बसत नाहीत.

पाचही तुकडे झाल्यावर रिकाम्या पारदर्शक कागदावर रचले:

```
magick -size 4000x3000 xc:none p1.png p2.png p3.png p4.png p5.png \
  -background none -layers flatten patra.png
```

ही फाइल जिम्पमध्ये फोटोच्या वर थर म्हणून टाकली की नेमकी जागेवर बसते.

१० मे

पहिल्या निकालात लोगोऐवजी मी ५ सेंमी चौकड्यांचा काळा-पांढरा पट टाकला होता. लोगोवर चूक लपते, चौकड्यांवर लपत नाही. आणि लपली नाहीच. वरून दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याच्या सांध्यात उभ्या रेषा मोडल्या होत्या, जणू काच तडकली आहे.

कारण शोधायला तासभर गेला. मास्किंग टेप २.४ सेंमी रुंद आहे. फोटोत खुणांचे आकडे टिपताना ६० च्या खुणेवर मी उजव्या पट्टीची आतली कड धरली आणि बाकी सगळीकडे बाहेरची. एवढ्याने १२-१३ पिक्सेलची चूक. सगळे बिंदू पुन्हा टिपले: उभ्या पट्टीची डावी कड आणि आडवीची खालची कड, सगळीकडे तीच. सांधे जुळले. पुढच्या वेळी टेपवर मध्यभागी पेनाने रेघ ओढूनच पट्टी लावणार.

मग खरी परीक्षा. बिंदू टिपताना मी फक्त डावी आणि उजवी पट्टी वापरली होती. मधली उभी पट्टी मुद्दाम हिशोबाबाहेर ठेवली होती. चौकड्यांच्या पटाची मधली रेषा पट्ट्यांच्या फोटोवर टाकली तर ती मधल्या टेपवर खालपासून वरपर्यंत बसली, जास्तीत जास्त ३ पिक्सेलचा फरक. ५ तारखेच्या पद्धतीने तोच पट टाकून पाहिला तर तो दोन्ही टोकांना जुळतो आणि मध्ये टेप सोडून दूर जातो. टोकं जुळली म्हणून चित्र बरोबर आहे, असं मी आता म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट या मधल्या रेषेने दाखवली. खालच्या रेषेवर डाव्या कडेपासून मध्यापर्यंत १५८ पिक्सेल आणि मध्यापासून उजव्या कडेपर्यंत १७४. म्हणजे गोलाचा खरा मध्य फोटोतल्या रुंदीच्या बरोबर अर्ध्यावर नाही, तो लांबच्या बाजूला आहे. जवसाचं फूल मी आधी नजरेने मध्यावर आणत होतो, तेच चुकत होतं.

१२ मे

आकार बसला, आता उजेड. थर मल्टिप्लाय मोडवर टाकला की खालच्या पत्र्याची सावली रंगात उतरते आणि लोगोतला पांढरा भाग गायब होऊन तिथे गाडीचाच पांढरा दिसतो. इथे तो तसाच हवा आहे, कारण स्टिकरमध्येही मधली जागा कापून मोकळी ठेवणार आहोत.

पण तपकिरी कडं वरच्या वळणावर मेल्यासारखं दिसत होतं. वळणाच्या पत्र्यात आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि चकचकीत लॅमिनेशनमध्येही ते पडेल. प्रतिबिंब रंगावर वरून चढतं. मल्टिप्लाय मात्र फक्त गडद करू शकतं, चढवू शकत नाही. म्हणून आणखी एक थर घेतला, त्यात ५० ते ८० च्या खुणांमध्ये वर दाट होत जाणारा पांढरा झाक, मोड स्क्रीन, अपारदर्शकता १५ टक्के. कडं लगेच पत्र्यावर बसलं. १५ हा आकडा डोळ्याचा आहे. जवळच उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीवरच्या गडद स्टिकरकडे बघत बघत ठरवला.

१३ मे

काकांना आणि त्यांच्या मुलीला, ताईंना, घाणीवर जाऊन दाखवलं. ढेप भरण्याचं काम चालू होतं. काकांनी हात पुसून मोबाइल घेतला, दोन बोटांनी मोठं केलं. "आता चिकटला," म्हणाले. मग थोड्या वेळाने: "पण वरून चपटा काऊन दिसते?"

हा प्रश्न चित्राचा नव्हता, जागेचा होता. आणि चित्र खरं झाल्यामुळेच तो छपाईआधी विचारता आला. गोल मी पत्र्याच्या अंगाने १५ पासून ७५ सेंमीपर्यंत ठेवला होता. समोरून पाहिलं तर खालचा अर्धा ३० सेंमी उंच दिसतो आणि वरचा २८. तिरकं पाहिलं की त्यात वाकणंही मिळतं.

ताई म्हणाल्या, "मग वरचा भाग ताणूनच छापला तर? दिसायला गोल दिसेल." असं करता येतं, पण मला ते पटत नाही. ताणलेला गोल एकाच जागेवरून गोल दिसतो. दुसऱ्या बाजूने, किंवा गाडीच्या वरून, उदाहरणार्थ ओट्यावर उभ्या असलेल्या माणसाला, तो अंड्यासारखा दिसेल. उलट पत्र्यावर खरा गोल असेल तर डोळा पत्र्याचं वळण ओळखतो आणि त्याला गोलच समजतो, अट एवढीच की वळण थोडं असावं. म्हणून ताणण्यापेक्षा खाली आणू या म्हटलं. गोल ७ ते ६७ सेंमीवर आणला तर वरचा अर्धा समोरून २९ सेंमी दिसतो. खाली उठावाच्या रेषेपासून चार बोटं जागा उरते.

तसं नवं चित्र तिथेच बसून काढलं. फाइलमध्ये गोल ८० पिक्सेल खाली सरकवला आणि त्याच आज्ञा पुन्हा चालवल्या, खुणांचे आकडे तेच. काकांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली आणि गोल खाली आणलेल्या चित्रावर बोट ठेवलं.

१५ मे

गाडीची दुसरी बाजू. फोटो उलटा करून काम भागवायचा मोह होतो, पण या व्हॅनला डिझेलचं झाकण एकाच बाजूला आहे आणि ते लोगोच्या खालच्या कडेपासून फार लांब नाही. नव्याने पट्ट्या लावल्या, नव्याने फोटो. ओळंब्याचे आकडे दोन्ही बाजूंना २ मिमीच्या आत सारखे आले, तेव्हा तुकडे तेच ठेवले, बिंदू नवे टिपले. झाकण गोलाच्या बाहेर ५ सेंमी राहतं. एक फरक लक्षात ठेवायचा: या बाजूला तोंड फोटोत डावीकडे येतं, म्हणून उभ्या पट्ट्या डावीकडे वाकतात. अक्षरं मात्र डावीकडून उजवीकडेच. ताईंनी तेच दोनदा विचारून घेतलं.

१८ मे

छपाईला फाइल पाठवण्याआधी एक शेवटची खात्री. खाकी कागद जोडून ६० सेंमीचा गोल कापला, ७ ते ६७ च्या खुणांवर मास्किंग टेपने लावला. कागद ताणला जात नाही, त्यामुळे तो सुरकुती न पडता बसला याचाच अर्थ स्टिकरही ताण न देता बसेल. चुन्याच्या खुणा पावलांनी अर्ध्या पुसल्या होत्या, तरी स्टूल आणि चाकं पुन्हा जागेवर आणता आली.

त्याच जागेवरून फोटो काढून माझं चित्र त्यावर अर्धपारदर्शक टाकलं. वरची आणि मागची कड जुळली. तोंडाकडची कड ६ पिक्सेल बाहेर. बिंदू पुन्हा तपासले तर ते बरोबर होते, स्टूलच मूठभर पुढे सरकलेलं होतं, कारण उठावाची रेषा आणि पन्हाळही त्याच बाजूला तेवढीच हलली होती. फोटो फोटोवर जुळवून घेतल्यावर फरक २ पिक्सेलवर आला.

फाइल नागपूरला पाठवली, सपाट आणि पूर्ण गोल, कुठेही न ताणलेली. पत्रा एकाच दिशेने वळलेला असल्याने महागडं कास्ट व्हिनाइल मागवलं नाही, पॉलिमेरिक आणि वरून चकचकीत लॅमिनेशन. मागच्या कोपऱ्यावर जायचं असतं तर कास्टशिवाय पर्याय नव्हता.

२४ मे

स्टिकर काल आले, आज लावले. पहाटे साडेपाचला सुरू केलं. दिवसा पत्रा इतका तापतो की डिंक टेकताक्षणी पकडतो आणि मग सरकवता येत नाही. पत्रा साबणपाण्याने धुतला, सुकवला, स्पिरिटने पुसला. मध्यावर आडवी बिजागरी धरून, म्हणजे टेपची एक पट्टी गोलाच्या मधोमध लावून, आधी खालचा अर्धा स्क्वीजीने बसवला, मग पट्टी काढून वरचा. वळणावर कुठेही ओढावं लागलं नाही, हीट गन फक्त शेवटी कडांवर फिरवली. दोन्ही बाजू मिळून दोन तास.

गाडी चुन्याच्या खुणांवर उभी करून शेवटचा फोटो घेतला. चित्राशी ताडला: कड्याची वरची रेषा, फुलाची मधली पाकळी आणि अक्षरांचं पहिलं व शेवटचं टोक, चारही ठिकाणी फरक ४ पिक्सेलच्या आत, म्हणजे पत्र्यावर अर्ध्या सेंमीच्या आसपास. आकाशाचं प्रतिबिंब मी दाखवलं होतं त्यापेक्षा जास्त उजळ पडलं आहे. पुढच्या गाडीला झाक २० टक्क्यांच्या आसपास ठेवून पाहीन.

काका गाडीभोवती एक चक्कर मारून आले, मग पुन्हा चुन्याच्या खुणेपाशी उभे राहून मोबाइलमधलं चित्र आणि गाडी आळीपाळीने पाहिली. ताईंनी आधीच डबे भरून ठेवले होते. साडेआठला गाडी देऊरवाड्याच्या रस्त्याला लागली.